आई-बाबांचा फ्लॅट, दोघांचा हिस्सा: भाड्याने द्यायचा की विकायचा, कसं ठरवायचं आणि कागद कसे करायचे

मी सोसायटीत बरीच वर्षं सेक्रेटरी आहे आणि ही फाइल दर काही महिन्यांनी टेबलावर येतेच. आई-वडील गेलेत, फ्लॅट बंद आहे, मुलगा ठाण्यात, मुलगी नाशिकला, आणि दोघं एकदम विचारतात की "काका, आम्ही भाडेकरू ठेवू का?" आता भाडेकरू ठेवण्याआधी तुमचं नाव तरी लागलंय का, हा पहिला प्रश्न. दहापैकी आठ जणांचं लागलेलं नसतं.

उदाहरण एकच घेतो आणि शेवटपर्यंत तेच चालवतो. डोंबिवली पूर्वेला वन बीएचके, बाबांच्या एकट्याच्या नावावर, १९९४ ला घेतलेला. बाबा २०१९ ला गेले, आई २०२३ ला. मृत्युपत्र नाही. मुलं दोनच, भाऊ आणि ताई. बाजारभाव अंदाजे ६२ लाख, भाडं महिन्याला १५ हजार येईल. हिंदू कुटुंब धरलंय, बाकीच्यांना त्यांचा वारसा कायदा लागतो, तो वकिलाकडून समजून घ्या. रकमा तुमच्या वेगळ्या असतील पण गणिताची रीत हीच राहते.

आधी वारस कोण ते नीट मोजा

लोकांना वाटतं दोन मुलं म्हणजे अर्धा-अर्धा, विषय संपला. बहुतेक वेळा तसंच निघतं पण वाट जरा वळणाची आहे. बाबा गेले त्या दिवशी त्यांचा फ्लॅट आई, भाऊ आणि ताई या तिघांत सारखा वाटला गेला, प्रत्येकी एक तृतीयांश. मग आई गेली तेव्हा तिचा एक तृतीयांश दोन्ही मुलांना मिळाला, म्हणून अर्धा-अर्धा झाला. लग्न झालेल्या मुलीचा हिस्सा तेवढाच, हे अजूनही सांगावं लागतं म्हणून सांगतो.

गडबड कुठे होते? बाबा गेले तेव्हा आजी, म्हणजे बाबांची आई, जिवंत होती का ते कोणी बघत नाही. असेल तर ती पण बरोबरीची वारस आणि तिला एक चतुर्थांश मिळाला. मग आजी गेल्यावर तिचा हिस्सा फक्त तुम्हाला येत नाही, काका-आत्यांनाही जातो. विकायच्या वेळी खरेदीदाराच्या बँकेच्या वकिलाने हे पकडलं की सौदा महिनोन्महिने लटकतो, कारण आता पुण्यातल्या आत्याची सही हवी. तसंच एखादं भावंड आधीच गेलं असेल तर त्याची मुलं आणि बायको त्याच्या जागी येतात. म्हणून एका कागदावर वंशावळ काढा, प्रत्येकाची जन्म-मृत्यूची तारीख लिहा, आणि मगच पुढे जा.

नॉमिनेशनचं पण इथेच बोलून घेतो. बाबांनी सोसायटीत भावाला नॉमिनी लावलं होतं म्हणून फ्लॅट भावाचा होत नाही. सहकारी संस्थांच्या कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो, खरे वारस सभासद होईपर्यंत. सोसायटीने मेंटेनन्सचं बिल कोणाला पाठवायचं याची ती सोय आहे, मालकी ठरत नाही.

सोसायटीत दोघांची नावं लावून घ्या

यासाठी आई-बाबा दोघांचे मृत्यूचे दाखले, मूळ शेअर सर्टिफिकेट, बिल्डरबरोबरचं नोंदणी झालेलं अॅग्रीमेंट आणि त्याचा इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा उतारा, दोघांचे आधार-पॅन, सभासदत्वाचे अर्ज, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि इंडेम्निटी बाँड लागतात. नॉमिनेशन नसेल तर सोसायटी बोर्डावर आणि दोन वर्तमानपत्रांत नोटीस देऊन हरकती मागवते, खर्च तुमचा. वारसाकडून सोसायटीने ट्रान्सफर प्रीमियम घ्यायचा नसतो, फक्त ट्रान्सफर फी पाचशे आणि प्रवेश फी शंभर. कोणी कमिटी २५ हजार मागत असेल तर ते विक्रीसाठीचं आहे, वारसासाठी नाही, आणि हे मी स्वतः कमिटीत बसून सांगतोय.

आता एक अडतं ते असं की कमिटी म्हणते "सक्सेशन सर्टिफिकेट आणा". ते मुख्यतः बँकेतले पैसे, शेअर्स, येणी यांच्यासाठी असतं, घराची मालकी त्याने सिद्ध होत नाही. घरासाठी आपल्याकडे दिवाणी कोर्टातून वारस दाखला मिळतो, १८२७ च्या जुन्या बॉम्बे रेग्युलेशनखाली. दोनच वारस, भांडण नाही, नोटिशीला हरकत आली नाही, तर बऱ्याच सोसायट्या प्रतिज्ञापत्रावर किंवा दोघांनी सही केलेल्या कौटुंबिक व्यवस्थेच्या कागदावर काम करतात आणि कायद्यातही तशी सोय आहे. पण विकायचं नक्की असेल तर वारस दाखला काढूनच घ्या असं माझं मत, कारण कर्ज घेणाऱ्या खरेदीदाराची बँक तो मागण्याची शक्यता मोठी आणि कोर्टाचं काम काही महिने खातं. खरेदीदार टोकन घेऊन समोर बसल्यावर कोर्टात अर्ज करणं म्हणजे लग्नाच्या दिवशी आचारी शोधणं.

जुनं अॅग्रीमेंट सापडत नसेल तर घाबरू नका, दुय्यम निबंधकाकडून सर्टिफाइड कॉपी मिळते. मूळ हरवल्याची पोलिस तक्रार आणि वर्तमानपत्रात नोटीस मात्र करावी लागते.

याच टप्प्यावर घरपट्टी आणि वीज मीटर पण दोघांच्या किंवा एकाच्या नावावर करून घ्या, बाकी थकबाकी बघा. बंद फ्लॅटचा मेंटेनन्स चढत असतो आणि त्याच्यावर व्याज लागतं, हे नंतर दिसतं.

आता गणित, आणि ते फ्लॅटचं नाही, प्रत्येकाचं वेगळं

इथेच लोक चुकतात. "फ्लॅट ६२ लाखांचा, भाडं १५ हजार, म्हणजे वर्षाला एक लाख ऐंशी" असं तोंडी बोलतात आणि ठरवून मोकळे. खरं हातात काय पडतं ते बघू.

वर्षात एक महिना रिकामा जातो असं धरलं तर भाडं १,६५,०००. त्यातून मेंटेनन्स महिना अडीच हजार म्हणजे ३०,०००, घरपट्टी ६,०००, दर दोन वर्षांनी भाडेकरू बदलतो आणि एजंट एक महिन्याचं भाडं घेतो म्हणून वर्षाचे ७,५००, रंग-नळ-गळती सरासरी १२,०००, अॅग्रीमेंटचे दोन हजार, आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते तो नॉन-ऑक्युपन्सी चार्ज दीड हजार. उरले १,०६,०००. म्हणजे प्रत्येकी ५३ हजार, इन्कम टॅक्सच्या आधी. ६२ लाखांवर हा पावणेदोन टक्के पण नाही.

नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि सर्व्हिस चार्ज म्हणजे अख्खं मेंटेनन्स बिल नाही, महापालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत. तो जास्त लावलेला असेल तर लेखी हरकत घ्या. घरपट्टीचं पण बघा, काही ठिकाणी भाड्याने दिलेल्या घराला जास्त लागते, पुण्यात तर स्वतः राहणाऱ्याला मिळणारी ४० टक्के सवलत जाते.

भाड्यावरचा टॅक्स दोघांनी आपापल्या रिटर्नमध्ये अर्धा-अर्धा दाखवायचा, भाडं कोणाच्याही खात्यात आलं तरी. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा, उरलेल्यातून सरसकट ३० टक्के वजा, मग टॅक्स. मेंटेनन्स आणि रंगाचा खर्च वेगळा मिळत नाही, तो त्या ३० टक्क्यांत आला. ताईला दुसरं उत्पन्न नसेल तर तिला टॅक्स शून्य, भावाला त्याच्या स्लॅबप्रमाणे. मग "भाऊच सगळं भाडं घेतो, ताईला राखीपौर्णिमेला देतो" हा प्रकार नोंदीतही वाईट आणि नात्यातही.

आता विक्री. वारशात मिळालेल्या घराची खरेदी किंमत म्हणजे बाबांची खरेदी किंमत, आणि १ एप्रिल २००१ च्या आधीचं घर असेल तर त्या तारखेची बाजारभाव किंमत धरता येते, पण त्या दिवसाच्या रेडी रेकनरच्या, म्हणजे स्टॅम्प ड्युटीसाठी सरकारने ठरवलेल्या, किमतीपेक्षा जास्त नाही. यासाठी सरकारमान्य व्हॅल्युअरचा रिपोर्ट काढतात. आपल्या उदाहरणात २००१ ची किंमत ६ लाख निघाली, म्हणजे प्रत्येकी ३ लाख.

प्रत्येकाला विक्रीचे ३१ लाख, एजंटचे एक टक्का म्हणजे ३१ हजार वजा, राहिले ३०.६९ लाख. जुलै २०२४ च्या आधी मिळालेल्या घराला, मालक भारतात राहणारा असेल तर, दोन रस्ते आहेत. एक, महागाई निर्देशांक न लावता १२.५ टक्के. नफा २७.६९ लाख, टॅक्स सेससकट साधारण ३.६० लाख. दुसरा, निर्देशांक लावून २० टक्के. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६, २००१ चा १००, म्हणून ३ लाखांचे ११.२८ लाख झाले, नफा १९.४१ लाख, टॅक्स सेससकट ४.०४ लाख. इथे पहिला रस्ता स्वस्त. पण २००१ ची किंमत ६ च्या जागी ८-९ लाख निघाली तर निकाल उलटा, या आकड्यांत साधारण सव्वासात लाखांच्या वर गेलं की २० टक्केवाला फायद्याचा. म्हणून तो व्हॅल्युएशन रिपोर्ट नीट करून घ्या, रेडी रेकनरच्या मर्यादेत जितकी रास्त किंमत बसते तितकी.

ताईला दुसरं काहीच उत्पन्न नसेल तर तिची न वापरलेली करमुक्त मर्यादा, नव्या पद्धतीत ४ लाख, या नफ्यातून वजा होते आणि तिचा टॅक्स ३.०८ लाखांवर येतो. पण बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही असं जे ऐकलंय ते या नफ्याला लागू नाही, हे मी दोन जणांना त्यांच्या सीएकडे पाठवून मान्य करायला लावलंय.

तर भावाच्या हातात टॅक्सनंतर साधारण २७ लाख. साडेसहा टक्क्यांची एफडी धरली तर वर्षाला १ लाख ७६ हजार, त्यावरचा टॅक्स वेगळा. भाड्याचे ५३ हजार. फरक सव्वा लाखाच्या आसपास, आणि ३१ लाखांच्या हिश्श्यावर तो ४ टक्के होतो. म्हणजे थेट प्रश्न असा की या बिल्डिंगचा भाव दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढणार आहे का? वाढेल असं वाटत असेल तर ठेवा, नाहीतर भावनेच्या नावाखाली तुम्ही दरवर्षी एवढे पैसे सोडताय.

आणि इथे एक गोष्ट सगळं गणित फिरवते, ती म्हणजे रिडेव्हलपमेंट. १९९४ ची बिल्डिंग, तीसेक वर्षं झालीत, सोसायटीत जनरल बॉडीत विषय निघालाय का ते सेक्रेटरीला विचारा. नुसता विषय निघालाय तर त्याला फार किंमत देऊ नका, असे विषय दहा वर्षं निघत राहतात. पण डेव्हलपर ठरलाय, ठरावाला ५१ टक्के सभासदांची संमती झालीय, जमिनीचं कन्व्हेयन्स सोसायटीच्या नावावर झालंय, तर आत्ता विकणं घाईचं. नाव लागलेलं नसेल तर मात्र डेव्हलपरबरोबरच्या करारावर सही कोण करणार हा घोळ होतो, म्हणून वरची पायरी.

भाड्याने द्यायचं ठरलं तर

लीव्ह अँड लायसन्स लेखी आणि रजिस्टर्ड हवंच, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी मालकाची आहे, पाळली नाही तर दंड किंवा तुरुंगवासाची तरतूद आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुदत संपल्यावर भाडेकरू गेला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे लवकर दाद मागता येते आणि पुढच्या दिवसांचे दुप्पट भाडे मागता येते, पण त्यासाठी रजिस्टर्ड कागद पाहिजे. नोटरी केलेल्या पाचशेच्या बाँडवर हे मिळत नाही.

खर्च घाबरण्यासारखा नाही. ११ महिने, १५ हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट धरा. भाडं १,६५,०००, अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं ११ महिन्यांचं व्याज ४,५८३. एकूण रकमेवर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी म्हणजे चारशे-पाचशे रुपये, नोंदणी फी शहरात हजार. एजंट घरी येऊन अंगठे घेतो.

कागदावर मालक म्हणून दोघांची नावं आणि दोघांच्या सह्या. ताई येऊ शकत नसेल तर भावाला मुखत्यारपत्र द्यावं. एका मालकाने परस्पर भाडेकरू ठेवला आणि दुसरा नंतर म्हणाला मला माहीतच नव्हतं, अशी भांडणं माझ्या टेबलावर आली आहेत. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवा, सोसायटीला कॉपी द्या.

मग दोघांच्या मधला एक कागद, आणि हा सगळ्यात दुर्लक्षित. साधं दोन पानी, पण लिहा. माझ्या मते त्यात एवढं हवं: फ्लॅटसाठी दोघांचं जॉइंट खातं, भाडं त्यातच येणार, मेंटेनन्स-घरपट्टी त्यातूनच जाणार, उरलेलं दर तीन महिन्यांनी अर्धं-अर्धं. डिपॉझिट त्याच खात्यात वेगळं ठेवायचं, वाटायचं नाही. भाडेकरू एप्रिलमध्ये निघाला आणि भावाने डिपॉझिट स्कूटरला लावलेलं असलं की ताईला फोन जातो, "तुझ्याकडचे पंचवीस पाठव", आणि तिथून सुरू होतं. किती रकमेपर्यंतची दुरुस्ती एकाने न विचारता करावी तेही लिहा, ५ हजार म्हणा. जो जवळ राहतो, चाव्या सांभाळतो, प्लंबरला उभा राहतो, त्याला भाड्यातून महिना हजार द्यायचे का? मी म्हणतो द्या, त्याने मनातलं कुरकुरणं बंद होतं. आणि शेवटचं, बाहेर पडायचं कसं: दोघांपैकी कोणाला विकावंसं वाटलं तर दोन व्हॅल्युअरच्या किमतीची सरासरी धरून आधी दुसऱ्याला हिस्सा विचारायचा, चार महिने द्यायचे, नाहीतर अख्खा फ्लॅट बाजारात.

हे का लिहायचं, तर अर्धा हिस्सा बाहेर विकत घ्यायला कोणी येत नाही. कायद्यानेही एका वारसाने हिस्सा विकायला काढला तर दुसऱ्याला आधी घ्यायचा हक्क आहे, आणि बाहेरच्याला कुटुंबाच्या राहत्या घरात येऊन राहायचा हक्क मिळत नाही. म्हणजे ज्याला पैसे हवेत त्याच्यापुढे वाटपाचा दावा एवढाच रस्ता उरतो, आणि तो किती वर्षं चालेल सांगता येत नाही.

एकाने दुसऱ्याचा हिस्सा घ्यायचा असेल तर

ताई काहीही न घेता हिस्सा सोडत असेल तर हक्कसोड पत्र, भावा-बहिणीत आई-वडिलांच्या मिळकतीसाठी मोबदल्याशिवाय केलं तर स्टॅम्प ड्युटी नाममात्र, आता ५०० रुपये. नोंदणी मात्र हवीच. पण बरेच जण कागदावर मोबदला नाही असं लिहितात आणि मागच्या दाराने वीस लाख देतात. हे करू नका. ताईच्या खात्यात आलेल्या वीस लाखांना उद्या कारण काय दाखवणार, आणि भावाने उद्या विकताना त्या वीस लाखांचा खर्च म्हणून एक रुपयाही मिळणार नाही. मोबदला घेतला तर तो व्यवहार विक्रीसारखाच, अर्ध्या हिश्श्याच्या बाजारभावावर पूर्ण स्टॅम्प ड्युटी आणि ताईला नफ्यावर टॅक्स. महाग आहे, पण स्वच्छ आहे.

विकायचं ठरलं तर

थकबाकी शून्य केल्याचं सोसायटीचं पत्र, वारस दाखला, दोन्ही नावांचं शेअर सर्टिफिकेट, जुन्या अॅग्रीमेंटची साखळी, हे फाइलला लावून मगच एजंटला सांगा. भाव ठरवताना या वर्षाचा रेडी रेकनर बघा, करारातली किंमत त्याच्या खाली फार गेली तर १० टक्क्यांच्या सवलतीपलीकडे टॅक्सला रेडी रेकनरचीच किंमत धरतात.

एक भाऊ टोकन घेतो आणि बहिणीला नंतर कळवतो, हे अजिबात नको. टोकनची पावती दोघांच्या सहीची, पैसे दोघांच्या खात्यात अर्धे-अर्धे, पहिल्या दिवसापासून. "काही रोख" म्हणणाऱ्या खरेदीदाराला नाही म्हणा, दोघांपैकी एकाला रोख पचणार आणि दुसऱ्याला नाही, तिथेच फाटतं.

टीडीएसचं असं की एकूण किंमत ५० लाख किंवा जास्त असली की खरेदीदार एक टक्का कापतो. आपला प्रत्येकाचा हिस्सा ३१ लाख आहे म्हणून कापू नका असं सांगता येत नाही, आता एकूण किंमतच बघतात. प्रत्येकाच्या पॅनवर ३१ हजार वेगळे भरले गेलेत ना, हे पोर्टलवर तपासा. बऱ्याचदा सगळे ६२ हजार एकाच्याच पॅनवर भरलेले सापडतात, मग दुरुस्तीसाठी खरेदीदाराच्या मागे लागावं लागतं. ताई परदेशात स्थायिक असेल तर हे एक टक्क्याचं प्रकरण नाही, खरेदीदाराला तिच्या हिश्श्यावर खूप जास्त कापावं लागतं, कमी कापायचं प्रमाणपत्र आधी इन्कम टॅक्सकडून काढा, तिला २० टक्क्यांचा पर्यायही नाही, आणि मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून करून आणा.

टॅक्स वाचवायचा रस्ता प्रत्येकाचा स्वतंत्र. भावाला मोठं घर घ्यायचंय, त्याने आपला नफा दोन वर्षांत दुसऱ्या घरात घातला तर त्याचा टॅक्स जातो, बांधायचं असेल तर तीन वर्षं, आणि रिटर्नच्या तारखेपर्यंत घर झालं नसेल तर पैसे कॅपिटल गेन्स खात्यात ठेवायचे. ताईला घर नकोय, तिने सहा महिन्यांच्या आत आरईसी किंवा पीएफसीसारखे कॅपिटल गेन्स बाँड घेतले, पाच वर्षं अडकवले, व्याज कमी आणि त्याच्यावर टॅक्स, पण नफ्यावरचा टॅक्स शून्य. पूर्ण टॅक्स वाचवायचा तर आपल्या हिश्श्याच्या नफ्याइतके पैसे बाँडमध्ये गुंतवावे लागतात, आणि ही सहा महिन्यांची मुदत विक्रीच्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे शेवटचा हप्ता मिळायची वाट बघत बसू नका.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी दोघांच्या नावाचे दोन वेगळे पे ऑर्डर, खरेदीदाराचं कर्ज असेल तर बँकेचं पैसे देण्याचं पत्र, आणि पूर्ण रक्कम खात्यात दिसल्यावरच चावी. वीज मीटरचा फोटो त्याच दिवशी काढा, रीडिंग करारात लिहून घ्या, गॅस कनेक्शन आधीच परत करा. सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार, तो विकणाऱ्याने की घेणाऱ्याने द्यायचा हे अॅग्रीमेंटमध्येच लिहा, नाहीतर सगळं झाल्यावर त्या पंचवीस हजारांवरून दोन्ही पार्ट्या माझ्याच ऑफिसात येऊन भांडतात.